हॅश जुळला, पण केव्हापासूनचा?

‘हॅश जुळला, म्हणजे पुरावा अस्सल.’ संगणक किंवा मोबाइल जप्त झालेल्या कोणत्याही गाजलेल्या खटल्याची चर्चा सुरू झाली, की हे वाक्य कुणीतरी उच्चारतेच. वृत्तवाहिनीवरचा तज्ज्ञ उच्चारतो, सरकारी पक्षाचा वकील उच्चारतो, आणि अलीकडे विज्ञानप्रेमी म्हणवणारे वाचकही समाजमाध्यमांवर तेच वाक्य गणिताच्या अधिकारवाणीने फेकतात. गणित अचूक आहे, यात वाद नाही. माझा वाद त्या ‘म्हणजे’ या शब्दाशी आहे. हॅश जुळल्यावरून जो निष्कर्ष काढता येतो तो अतिशय अरुंद आहे, आणि त्या अरुंद निष्कर्षाच्या खांद्यावर आपल्याकडे माणसांच्या स्वातंत्र्याचे ओझे ठेवले जाते. त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आरंभ माझ्याच एका फजितीपासून करतो. पीएचडीच्या काळात आमच्या प्रयोगशाळेत एका शोधकाची मोजमापे तीन दिवस अखंड नोंदवली जात होती. मोजमापे संपल्यावर साऱ्या फाइली शोधकाला जोडलेल्या संगणकावरून सर्व्हरवर हलवायच्या, प्रत्येकीचा हॅश काढून वहीत नोंदवायचा आणि मूळ फाइली पुसून जागा मोकळी करायची, असा आमचा परिपाठ होता. सहा महिन्यांनी विश्लेषण करताना एका फाइलचा शेवटचा तुकडाच नाही असे दिसले. मी वही काढली आणि हॅश पडताळला. तो तंतोतंत जुळला! क्षणभर माझाही विश्वास बसला, की शोधकानेच तेवढी नोंद केली असावी. मग ध्यानात आले: हॅश मी फाइल हलवल्यानंतर काढला होता, हलवण्यापूर्वी नव्हे. वाटेत तुटलेल्या फाइलचा हॅश मी अत्यंत काळजीपूर्वक जपून ठेवला होता. सहा महिने तुटलेली फाइल अजिबात बदलली नाही, एवढीच ग्वाही तो देत होता, आणि ती ग्वाही अगदी खरी होती.

माझे नुकसान तीन दिवसांच्या मोजमापांचे झाले. हीच चूक पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात झाली तर कुणाची तरी तीन किंवा सहा वर्षे जाऊ शकतात.

प्रथम हॅश म्हणजे काय ते पाहू. कितीही मोठी फाइल, अगदी संपूर्ण हार्ड डिस्कसुद्धा, एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून नेली की शेवटी ठरावीक लांबीची एक संख्या हाती येते. आज सर्वाधिक वापरात असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीत ती २५६ बिटांची असते आणि ६४ अक्षर-अंकांत लिहिली जाते. तोच मजकूर दिला तर प्रत्येक वेळी, जगातल्या कोणत्याही संगणकावर, तीच संख्या येते. मजकुरात एका बिटाचा फरक पडला तर उत्तरातले साधारण निम्मे बिट बदलतात. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी हे आत्ताच करून पाहावे:

```
$ printf 'hello' | sha256sum
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824  -
$ printf 'hello\n' | sha256sum
5891b5b522d5df086d0ff0b110fbd9d21bb4fc7163af34d08286a2e846f6be03  -
```

दुसऱ्या वेळी शब्दाच्या शेवटी फक्त नवी ओळ सुरू करणारे एक अदृश्य चिन्ह आले. पडद्यावर दोन्ही मजकूर सारखेच दिसतात, हॅशमध्ये मात्र कसलेही साम्य उरत नाही. उलट दिशेने जाणे, म्हणजे दिलेल्या हॅशला जुळणारा दुसरा मजकूर घडवणे, आज ज्ञात असलेल्या कोणत्याही मार्गाने व्यवहारात शक्य नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या वेळी काढलेले हॅश एकच आले, तर त्या दोन क्षणांच्या मधल्या काळात मजकूर बदलला नाही असे आपण निःशंक म्हणू शकतो. हॅश याहून अधिक काहीही सांगत नाही. पहिल्या क्षणापूर्वी काय घडले याविषयी तो मुका आहे. मजकूर कुणी लिहिला याविषयी मुका आहे. मजकूर खरा की खोटा, याविषयी तर तो मुका आहेच.

आता तपासातील प्रत्यक्ष कृती पाहू. जप्त केलेला संगणक तपासासाठी सुरू करायचा नसतो. साधी विंडोज असलेली यंत्रणा नुसती चालू केली, तरी ती शेकडो फाइलींना हात लावते, नोंदी लिहिते, वेळा बदलते. म्हणून डिस्क बाहेर काढून ‘राइट ब्लॉकर’ नावाच्या उपकरणामार्फत तपासाच्या संगणकाला जोडतात. हे उपकरण वाचण्याच्या आज्ञा पुढे जाऊ देते, लिहिण्याच्या आज्ञा अडवते. मग डिस्कवरचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक बिट क्रमाने वाचून त्याची प्रत करतात. हिला ‘फॉरेन्सिक इमेज’ म्हणतात. ही नेहमीच्या ‘कॉपी-पेस्ट’हून निराळी असते; डिस्कचे रिकामे भासणारे भागही तिच्यात येतात आणि पुसलेल्या फाइलींचे अवशेष बहुधा तिथेच सापडतात. वाचन चालू असतानाच मूळ डिस्कचा हॅश मोजला जातो, नंतर तयार इमेजचा हॅश स्वतंत्रपणे मोजला जातो, आणि दोन्ही जुळले की प्रत बरोबर झाली असे मानतात. पुढचे सारे विश्लेषण इमेजच्याही प्रतीवर होते. मूळ डिस्क सीलबंद करून बाजूला ठेवतात.

ही पद्धत उत्तम आहे. मला तिच्यात खोट काढायची नाही. खोट आहे ती घड्याळात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, सोमवारी सायंकाळी सहा वाजता एका घराची झडती झाली. पंचांसमक्ष लॅपटॉप ताब्यात घेतला, खोक्यात घातला, लाखेचे सील लावले आणि पंचनाम्यात कंपनीचे नाव, रंग व अनुक्रमांक लिहिला. लॅपटॉप पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात गेला. नऊ दिवसांनी, बुधवारी, तो न्यायसहायक प्रयोगशाळेत पोहोचला. प्रयोगशाळेत आधीची प्रकरणे रांगेत होती, म्हणून इमेज व्हायला आणखी पाच आठवडे गेले. त्या दिवशी तज्ज्ञाने राइट ब्लॉकर लावून निर्दोष इमेज घेतली आणि हॅश काढला. वर्षभराने न्यायालयात तो हॅश पुन्हा काढला, आणि तो जुळला.

न्यायालयात काय सिद्ध झाले? प्रयोगशाळेतल्या त्या दिवसापासून न्यायालयातल्या या दिवसापर्यंत मजकूर बदलला नाही, इतकेच. वाद जर कशाबद्दल असेल, तर तो सोमवारची सायंकाळ आणि प्रयोगशाळेतला दिवस यांच्या मधल्या सुमारे सव्वासहा आठवड्यांबद्दल असणार. त्या काळाविषयी हॅशकडे सांगण्यासारखे काहीच नाही. त्या काळाची जबाबदारी लाखेच्या सीलवर, मुद्देमाल नोंदवहीवर आणि तिच्यावर सही करणाऱ्या माणसांच्या सचोटीवर येते. ही साधने वाईट आहेत असे नव्हे. शतकभर न्यायालये त्यांवर चालली. पण मग पुराव्याची मदार लाखेवर आहे असे म्हणा. ‘गणिताने सिद्ध झाले’ असे म्हणू नका. पुराव्याची साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की असते, आणि इथे कच्ची कडी लाखेची असताना शाबासकी मात्र गणिताला मिळते आहे.

काही वेळा या मधल्या काळाचे माग खुद्द डिस्कवर उरतात. जप्तीच्या वेळेनंतरच्या तारखेची यंत्रणेची नोंद, यूएसबी उपकरण जोडल्याची खूण, संगणक सुरू झाल्याची वा बंद झाल्याची नोंद, अशा गोष्टी सापडल्या तर जप्तीनंतर कुणीतरी लॅपटॉप उघडला असे कळते. पण हे शोधून काढायला इमेज बचाव पक्षाच्या तज्ज्ञाच्या हाती पडावी लागते. शिवाय जाणकाराने डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली असेल, तर त्या लॅपटॉपच्या स्वतःच्या नोंदींत काहीच उमटणार नाही.

दुसरा मुद्दा याहूनही सोपा आहे, म्हणूनच तो नजरेतून निसटतो. हॅश कुणाकडे आहे? इमेज आणि हॅशची नोंद एकाच कपाटात, एकाच हाताखाली असेल, तर तो हॅश चोरापासून संरक्षण देतो, पण कपाटाच्या मालकापासून देत नाही. मजकूर बदलू शकणारा माणूस नवा हॅशही काढू शकतो. वर दाखवलेली आज्ञा त्यालाही येते. हॅशला बळ येते ते तो बदलू पाहणाऱ्याच्या आवाक्याबाहेर कुठेतरी नोंदलेला असतो तेव्हा. ज्याचा लॅपटॉप नेला त्याच्या हातातल्या कागदावर, दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, किंवा दोन्हीकडे. घरमालकाकडे ६४ अक्षरांची ती चिठ्ठी असली, की नंतर प्रयोगशाळेत काहीही घडो, एक बिटही गुपचूप बदलता येत नाही. कागदाच्या अशा चिठोऱ्याला इतकी ताकद देणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही. आणि नेमका हा चिठोरा द्यायलाच आपली व्यवस्था राजी नसते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडणे आवश्यक केले आहे. प्रमाणपत्राची कल्पना नवी नाही. जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये ती होतीच, आणि तिची सक्ती किती कडक हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, म्हणजे आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, स्पष्ट केले होते. नव्या कायद्यात भर पडली ती हॅशची. प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहायला जागा आहे. तो कोणत्या पद्धतीने काढला याची खूण करायची आहे. एक भाग पुरावा देणाऱ्या पक्षाने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे. हे पाऊल पुढचे आहे, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु हे प्रमाणपत्र द्यायचे केव्हा? तर पुरावा दाखल करण्यासाठी सादर होईल तेव्हा. म्हणजे कायद्याने हॅशची खुंटी प्रवासाच्या शेवटच्या टोकाला ठोकली आहे. नमुन्यात उपकरणाचा रंग लिहायला जागा आहे, अनुक्रमांक लिहायला जागा आहे. पण उपकरण ताब्यात घेतल्याचा क्षण आणि हॅश काढल्याचा क्षण यांत किती अंतर होते, हे विचारणारा रकाना नाही. हॅशचा अहवाल सोबत जोडायचा असतो, त्यात वेळ छापलेली असू शकते. ती ज्या संगणकावर अहवाल तयार झाला त्याच्या घड्याळाची. अंतर मोजण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडलेले आहे, आणि ६४ अक्षरांची ती भारदस्त ओळ पाहिल्यावर किती जण अंतर मोजत बसतील?

गंमत अशी, की दुसऱ्या टोकाची खुंटी ठोकण्याची सोय शेजारच्याच कायद्यात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. कॅमेरा त्या खोलीत आहेच. त्या कॅमेऱ्यासमोर हॅश काढून पडदा दाखवला आणि तो आकडा पंचनाम्यात उतरवला, की वेळ, स्थळ, साक्षीदार आणि आवाक्याबाहेरची नोंद, सारे एकत्र साधते. पण कलमात हॅशचा उल्लेख नाही. एका कायद्यात हॅश आहे पण वेळ नाही. दुसऱ्यात वेळ आहे पण हॅश नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की घटनास्थळी हे शक्य नाही, फार वेळ जातो. चला, हिशेब करू. ५१२ जीबीची एसएसडी सेकंदाला २०० एमबी या बेताच्या वेगाने वाचली तर सुमारे ४३ मिनिटे लागतात. जुनी १ टीबीची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तर पावणेतीन तास. पडताळणीचे वाचन धरले तर काळ दुप्पट होईल. अनेक झडत्या सकाळी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालतात. त्या अवधीत पुस्तकांची कपाटे, बँकेची पासबुके, मुलांच्या वह्यासुद्धा चाळून होतात. डिस्क वाचायला तेवढा वेळ नाही, हे पटत नाही. जिथे सात वा अधिक वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे, तिथे न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी अपेक्षा त्याच संहितेच्या कलम १७६ मध्ये केली आहे. मग तज्ज्ञाने सोबत राइट ब्लॉकर नेण्यात कोणती अडचण? वीस संगणक असलेल्या कार्यालयात मात्र अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. तिथे निदान सीलबंद उपकरणे मालकाच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्षच उघडावीत आणि पहिला हॅश त्याच्यासमोर निघावा, एवढे तर करता येईल.

खरी तांत्रिक अडचण निराळीच आहे, आणि ती आक्षेप घेणाऱ्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. हॅश पुन्हा काढल्यावर तोच येईल, ही हमी फिरत्या डिस्कसाठी बऱ्यापैकी ठाम आहे. एसएसडीसाठी ती सैल आहे. पुसलेल्या फाइलींची जागा साफ करण्याचे काम एसएसडीचा स्वतःचा नियंत्रक आतल्या आत करतो. वीज मिळाली की तो कामाला लागतो. बाहेर राइट ब्लॉकर असला तरी आतल्या या हालचालीला तो अडवू शकत नाही. त्यामुळे आज काढलेला आणि महिन्याने काढलेला हॅश कुणीही हात न लावता वेगळा येऊ शकतो. बिघडू लागलेल्या डिस्कवर न वाचता येणारे भाग असले तरी तेच.

मोबाइलच्या बाबतीत तर मूळ आणि प्रत ही भाषाच डळमळते. आजच्या फोनमधली साठवण बाहेर काढून राइट ब्लॉकरला जोडता येत नाही. काढली तरी मजकूर कूटबद्ध असतो आणि किल्ली त्याच फोनच्या चिपमध्ये अडकलेली असते. म्हणून फोन चालूच ठेवून, विमान अवस्थेत किंवा रेडिओलहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवून, कुलूप उघडून त्याच्याकडूनच मजकूर मागवून घ्यावा लागतो. कित्येकदा त्यासाठी फोनमध्ये एक लहानसा प्रोग्राम घालावा लागतो, म्हणजे पुराव्यात बदल करूनच पुरावा घ्यावा लागतो. चालू फोन स्वस्थ बसत नाही. घड्याळ चालते, नोंदी लिहिल्या जातात, अॅप जागी होतात. लागोपाठ दोनदा मजकूर उतरवला तर दोन हॅश येतात, आणि त्यात कुणाचाही लबाडपणा नसतो. तेव्हा ‘फोनचा हॅश’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. असतो तो त्या दिवशी, त्या साधनाने, त्या फोनमधून उतरवलेल्या गठ्ठ्याचा हॅश.

काही जण यावरून असा निष्कर्ष काढतात, की मग घटनास्थळी हॅश काढण्याचा आग्रह निरर्थक आहे. मला नेमके उलटे वाटते. मूळ उपकरणाकडे परत जाऊन हॅश पडताळता येणार नसेल, तर पहिली प्रत हीच मूळ ठरते. मग ती किती लवकर घेतली, कुणासमोर घेतली आणि तिची एक प्रत मालकाला दिली की नाही, यांवरच सारे अवलंबून राहते. माध्यम जितके अस्थिर, तितकी पहिल्या हॅशची घाई अधिक.

इथे थोडे विषयांतर, कारण विद्यार्थी हटकून विचारतात. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ हेही पर्याय आहेत, आणि दोन्ही ‘फुटलेले’ आहेत; मग पुरावाच बाद नको का? एमडी५ मध्ये एकच हॅश देणारे दोन वेगळे मजकूर २००४ साली चिनी संशोधकांनी घडवून दाखवले, आणि एसएचए-१ साठी ते २०१७ साली अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी करून दाखवले. परंतु तिथे हल्लेखोर दोन्ही मजकूर स्वतःच, आधीपासून, जुळवून घडवतो. आधीच कुणाच्या तरी डिस्कवर असलेल्या मजकुराला जुळणारा दुसरा मजकूर घडवणे ही फार कठीण गोष्ट आहे, आणि ती एमडी५ च्या बाबतीतही व्यवहारात कुणी साधलेली नाही. एसएचए-२५६ उपलब्ध असताना जुन्या पद्धती वापरू नयेत हे खरेच. पण बचाव पक्षाने इथे शक्ती खर्चणे म्हणजे भिंतीला भगदाड असताना कुलपाच्या दर्जावर वाद घालणे होय. त्यापेक्षा पंचनाम्यातला हॅश e3b0c44298fc1c14 ने तर सुरू होत नाही ना, हे पाहावे. तो रिकाम्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश आहे. तसा आढळला, तर साधनाने काहीही न वाचताच आकडा छापला आणि खाली सह्या झाल्या, असे समजावे.

आता त्या प्रकरणाकडे वळतो, ज्याच्यामुळे हा प्रश्न देशभर चर्चेत आला. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणात दिल्लीत रोना विल्सन यांच्या घरी झडती घेऊन लॅपटॉप जप्त केला. त्यातल्या पत्रांवर आरोपांचा मोठा भाग उभा राहिला. न्यायालयाच्या आदेशाने बचाव पक्षाला डिस्कची इलेक्ट्रॉनिक प्रत मिळाली आणि ती अमेरिकेतील अर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालाचा दावा असा, की जून २०१६ मध्ये एका ईमेलमार्फत नेटवायर हा घुसखोर प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरला, सुमारे २२ महिने बाहेरच्या कुणाचा तरी त्यावर ताबा होता, पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, आणि ती त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूणही नाही. राष्ट्रीय तपास संस्थेने हा दावा फेटाळला; पुण्याच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत असा कोणताही प्रोग्राम आढळला नाही, असे तिचे म्हणणे. यातले खरे काय, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि मी ते इथे करणार नाही.

मला त्यातले वैज्ञानिक चित्र महत्त्वाचे वाटते. अहवालाचा दावा जप्तीपूर्वीच्या काळाविषयी आहे. जप्तीच्या क्षणी, त्या खोलीत, पंचांसमोर, जगातली सर्वांत निर्दोष इमेज घेऊन हॅश मालकाच्या हाती दिला असता, तरी बाहेरून ठेवलेली फाइल तिच्यात जशीच्या तशी आली असती आणि हॅशने तिला जन्मभर निष्ठेने जपले असते. माझ्या तुटलेल्या फाइलसारखेच. तेव्हा पहिल्या हॅशचा मी इतका आग्रह धरत असलो, तरी तो हॅश ‘फाइल कुणी ठेवली’ या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचत नाही. त्या प्रश्नासाठी नोंदींचा क्रम, प्रोग्रामचे अवशेष, फाइल कोणत्या प्रक्रियेने लिहिली गेली, ती पुढे उघडली गेली का, असे निराळे आणि कष्टाचे काम करावे लागते.

ते काम होऊ शकले, कारण प्रत दुसऱ्या बाजूला मिळाली. एकाच इमेजवर दोन प्रयोगशाळा परस्परविरोधी निष्कर्ष काढतात, ही विज्ञानात लाजिरवाणी गोष्ट नाही. तिथूनच तर खरी तपासणी सुरू होते. दोघांच्या हाती तोच मजकूर आहे एवढी खात्री हॅश देतो, आणि तिसऱ्याला तीच इमेज घेऊन दोघांची पद्धत तपासता येते. पण त्यासाठी प्रत मिळवायला न्यायालयाचे दार ठोठवावे लागता कामा नये. आपण आपल्या शोधनिबंधातली मोजमापे मागणाऱ्याला देत नाही, तेव्हा परीक्षक काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

ही मागणी माझी एकट्याची नाही. उपकरणांच्या जप्तीबाबत मार्गदर्शक सूचना असाव्यात, यासाठी पाच प्राध्यापक व अभ्यासक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांत आपल्या क्षेत्रातले राम रामस्वामी आहेत, आणि पुण्याच्या विद्यापीठात शिकवलेल्या सुजाता पटेलही आहेत. संशोधकाचा संगणक जप्त होतो तेव्हा वर्षानुवर्षांची मोजमापे, अप्रकाशित लेखन आणि विद्यार्थ्यांचे कामही त्यासोबत जाते, हे त्यांनी मांडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या संघटनेच्या याचिकेवर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयानेही अशा जप्तीतील अमर्याद अधिकारांबद्दल चिंता व्यक्त केली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सांगितले, की नव्या सूचना होईपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या २०२० च्या नियमपुस्तिकेनुसार चालतील. राज्यांचे पोलीस, म्हणजे बहुतेक जप्त्या करणारे हात, त्या आश्वासनाच्या कक्षेत येत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘हॅश जुळला’ म्हणाले, की मी दोनच गोष्टी विचारतो: पहिला हॅश जप्तीनंतर किती तासांनी निघाला, आणि त्या सायंकाळी तो घरमालकाच्या हातातल्या कागदावर होता का? उत्तर बहुधा ‘प्रयोगशाळेच्या अहवालात आहे’ असे येते.